भलत्याच माणसाच्या खात्यावर यूपीआयने डिपॉझिट मारताय? खातं होल्ड कसं होतं आणि झाल्यावर काय करायचं

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठंही जा, हा किस्सा ऐकायला मिळतोच. पोरगा दुकानात चहाचे वीस रुपये स्कॅन करतो, पेमेंट फेल होतं, परत मारतो, परत फेल, मग बँकेत गेला की कळतं खात्यावर होल्ड लागलाय आणि होल्ड लावणारं पोलीस स्टेशन दुसऱ्याच राज्यातलं, जिथं हा कधी गेलाही नाही. घरचे म्हणतात अरे तू केलं काय, आणि तो म्हणतो मी काहीच केलं नाही, फक्त गेमच्या ॲपमध्ये पैसे टाकले आणि जिंकलेले काढले. तो खोटं बोलत नसतो भाऊ, पण लफडं नेमकं त्या "टाकले आणि काढले" मध्येच असतं, म्हणून तेच आधी नीट समजून घेऊ, मग काय करायचं ते क्रमाने बघू.

ॲप स्वतःच्या नावाने पैसे का घेत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा पास केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे आणि बँका, पेमेंट कंपन्यांनी असल्या गेमचे पैसे इकडून तिकडे करायचे नाहीत असंही आहे. त्याच्याआधीपण सट्ट्याच्या ॲपला सरळ कंपनीच्या नावाने खातं उघडून क्यूआर लावणं जमत नव्हतंच. फेक ट्रेडिंग ॲपचं तर विचारूच नका. मग हे लोक करतात काय, तर भाड्याची खाती घेतात. कुण्या कॉलेजच्या पोराचं, मजुराचं, बंद पडलेल्या दुकानाचं खातं, त्याचं सिमकार्ड, एटीएम, नेटबँकिंगचा पासवर्ड सगळं हातात घेऊन त्याला महिन्याला काहीतरी टेकवायचं. पोलीस आणि बँकवाले याला म्यूल खातं म्हणतात.

आता मेन मुद्दा असा की हे भाड्याचं खातं एकाच कामाला वापरत नाहीत. त्याच खात्यावर तुमचं गेमचं डिपॉझिट येतं आणि त्याच खात्यावर कुणाला फसवून, धमकावून काढलेले पैसेपण येतात, आणि तुम्ही ॲपमध्ये विड्रॉल मारलं की तुम्हाला त्याच मिसळलेल्या पैशातून पेमेंट होतं. तुम्हाला वाटतं आपण जिंकलो ते आलं, पण बँकेच्या रेकॉर्डला ती कुणातरी फसलेल्या माणसाची रक्कम दिसते.

आकडे धरून बघू

समजा फैजपूर-सावद्याकडचा एक पोरगा आहे, बापाची केळीची बाग, आणि केळीचे पैसे व्यापारी त्याच पोराच्या खात्यावर टाकतो कारण आप्पांना फोनचं जमत नाही. पोराने एका ॲपमध्ये तीन वेळा पाच-पाच हजार टाकले, तिन्ही वेळा वेगळ्या नावाचा यूपीआय आयडी आला, त्याने लक्ष दिलं नाही. मग ८,४०० रुपये काढले, ते आले चौथ्याच एका नावावरून. ते पैसे त्याने दोन दिवसात खर्चूनपण टाकले.

तिकडे हैदराबादला एका रिटायर्ड माणसाने फेक ट्रेडिंगच्या नादात २ लाख रुपये एका खात्यावर पाठवलेले असतात. त्या खात्यातून ९५ हजार दुसऱ्या एका खात्यात गेले आणि त्या दुसऱ्या खात्यातून आपल्या पोराचे ८,४०० निघाले. त्या गृहस्थाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार दिली की ती cybercrime.gov.in च्या सिस्टिमवर चढते, पहिल्या खात्याची बँक सांगते पैसे पुढे कुठं गेले, मग त्या पुढच्या खात्याची बँक सांगते तिथून कुठं गेले, असं साखळीने पुढं पुढं जात राहतं. याला ते लेअर म्हणतात. फसलेल्या माणसाने ज्या खात्यावर थेट पाठवले ते लेअर एक, त्याच्या पुढचं लेअर दोन, आपला पोरगा लेअर तीन. प्रत्येक लेअरला जे जे सापडेल ते ते थांबवायचं, एवढंच त्या सिस्टिमचं काम, कोण कसा माणूस आहे हे तिथं कुणी बघत नाही, ते नंतर तपासात बघतात.

पोराने ८,४०० खर्च केले तरी फरक पडत नाही, आज खात्यात जे पडलंय त्यावर होल्ड लागतो. आणि नेमके त्याच आठवड्यात केळीचे १,४२,००० आलेले असतात. आता नशीब असेल तर बँक फक्त ८,४०० अडकवते, बाकीचे वापरता येतात. नसेल तर अख्ख्या खात्याला डेबिट फ्रीझ लागतो, म्हणजे पैसे येऊ शकतात पण एक रुपया बाहेर जात नाही, आणि मजुरी, खत, ट्रॅक्टरचा हप्ता सगळं खोळंबतं.

इथं एक गोष्ट बहुतेक लोक उलटी समजतात. त्यांना वाटतं पैसे टाकण्यात रिस्क आहे, काढण्यात काय. खातं होल्ड व्हायचा जास्त धोका काढण्यात आहे, कारण तेव्हा गुन्ह्याचा पैसा तुमच्याकडे येतो. नुसतं टाकलं तर तुमचं नाव त्या भाड्याच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये पैसे पाठवणारा म्हणून येतं, मग पोलीस विचारू शकतात की याला पैसे का दिले, ओळख काय. शिवाय टाकलेले पैसे बुडाले तर मागायचे कुणाकडे, ॲपवाला म्हणणार आमच्या खात्यावर आलेच नाहीत, आणि कागदावर ते खरंच त्याच्या खात्यावर गेलेले नसतात.

पेमेंट मारायच्या आधी ओळखायचं कसं

पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं ते वाचा, बस एवढी सवय लावा. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने यूपीआय ॲपवाल्यांना सांगितलंय की समोरच्याने स्वतः ठेवलेलं टोपणनाव नाही तर बँकेत नोंद असलेलं नाव दाखवायचं. त्यामुळे आता ते नाव भरवशाचं आहे. ॲपचं नाव एक आणि स्क्रीनवर "अमुक ट्रेडर्स", "तमुक किराणा" नाहीतर सरळ कुण्या बाईचं-माणसाचं नाव येत असेल तर तिथंच थांबायचं.

दुसरी खूण, दर वेळेला आयडी बदलतो आणि खाली लिहिलेलं असतं की हा आयडी दहा मिनिटंच चालेल, जुन्या आयडीवर पाठवू नका. खऱ्या धंदेवाल्याला खातं दहा मिनिटाला बदलायची गरज काय? त्यांची खाती होल्ड होत राहतात म्हणून बदलतात. तिसरी खूण, पेमेंट झाल्यावर स्क्रीनशॉट आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी युटीआर नंबर टाकायला लावतात, कारण पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेलेत, ॲपला आपोआप कळत नाही, कुणीतरी माणूस बसून जुळवतो. आणि चौथी, "रिमार्कमध्ये गेमचं नाव लिहू नका" असं सांगतात. हे वाचलं की दुसरं काही बघायची गरजच नाही.

शेअर मार्केटच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तपासायला एक सोपी गोष्ट आलीय. सेबीकडे रजिस्टर असलेल्या ब्रोकरसाठी ऑक्टोबर २०२५ पासून खास यूपीआय आयडी आलेत, त्यात ब्रोकर असेल तर `.brk` आणि पुढं `@valid` आणि त्याला जोडून बँकेचं नाव असतं. ग्रुपवरचा "सर" जर एखाद्या ट्रेडर्सच्या करंट खात्यावर पैसे टाकायला सांगत असेल आणि म्हणत असेल की ही आमची पार्टनर फर्म आहे, तर तो ब्रोकरच नाही.

टाकून-काढून झालंय, अजून होल्ड लागला नाही, आता काय

आधी त्या ॲपमधून काढणं थांबवा. आत पाच-सात हजार बॅलन्स दिसत असेल आणि जीव तुटत असेल तरी थांबवा, कारण तोच पुढचा होल्ड असतो. मग ॲप डिलीट करायच्या आधी सगळं सेव्ह करा: डिपॉझिटची हिस्ट्री, विड्रॉलची हिस्ट्री, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर एजंटशी झालेलं बोलणं, आणि यूपीआय ॲपमधला प्रत्येक व्यवहाराचा युटीआर. लोक घाबरून हेच सगळं उडवतात आणि मग उद्या पोलिसांनी विचारलं की हे ८,४०० कशाचे तर हातात काहीच नसतं.

पिकाचे पैसे, पगार, हप्ता ज्या खात्यावर आहे ते आणि हे खातं एकच असेल तर पुढचे पैसे दुसऱ्या खात्यावर मागवायला सुरू करा. यात बेकायदा काही नाही, फक्त विचारलं तर लपवू नका.

आणि कुणा अनोळखीचा फोन आला की चुकून तुमच्या खात्यावर पैसे आले, ते या दुसऱ्या नंबरला परत पाठवा, तर पाठवायचे नाहीत. आपल्या बँकेला लेखी सांगायचं, बँक ज्या खात्यावरून आले तिथंच परत करायचं बघेल. तुम्ही स्वतः तिसऱ्याच खात्यावर पाठवले की तुम्हीच साखळीची पुढची कडी झालात.

होल्ड लागला, पहिल्या दिवशी बँकेत काय विचारायचं

ब्रँचमध्ये बहुतेक एकच उत्तर मिळतं, "वरून होल्ड आहे, सायबरचा, आमच्या हातात नाही". ते खरंही असतं, पण तेवढ्यावर परत यायचं नाही. एक साधा अर्ज लिहा, दोन कॉपी करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात मागायचं हे: होल्ड ठराविक रकमेवर आहे की अख्ख्या खात्यावर, रक्कम किती, कोणत्या व्यवहारामुळे म्हणजे युटीआर आणि तारीख, तक्रारीचा ॲक्नॉलेजमेंट नंबर, पोलीस स्टेशन आणि राज्य, तपास अधिकाऱ्याचा ईमेल किंवा फोन, आणि पोलिसांचं पत्र आलं असेल तर त्याची कॉपी. ब्रँचवाले टाळत असतील तर हाच अर्ज बँकेच्या नोडल ऑफिसरला मेल करा, त्यांचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो.

यातला ॲक्नॉलेजमेंट नंबर सगळ्यात महत्त्वाचा, तो नसेल तर समोरच्या पोलीस स्टेशनला तुमची केस सापडतच नाही. आणि एकाच खात्यावर दोन-तीन वेगवेगळ्या राज्यांचे होल्ड असू शकतात, म्हणून "अजून किती आहेत" हेही विचारा, नाहीतर एक सोडवून खूश होऊन येता आणि खातं तसंच बंद.

तपास अधिकाऱ्याला काय लिहायचं

फोन करा, पण भरवसा मेलवर ठेवा, आणि मेलबरोबर रजिस्टर पोस्टाने कागद पाठवा. अधिकारी बाहेरच्या राज्यातला असेल तर मराठीत लिहून उपयोग नाही, हिंदी किंवा इंग्रजीत लिहून घ्या. मजकूर लांबवू नका. आपल्या पोराच्या केसमध्ये तो साधारण असा होईल: माझं नाव-पत्ता हे, खातं हे, अमुक ॲक्नॉलेजमेंट नंबरमध्ये माझ्या खात्यावर होल्ड आहे, अमुक तारखेला ८,४०० रुपये अमुक युटीआरने आले ते मी अमुक ॲपमधून विड्रॉल केलेले आहेत, पाठवणाऱ्याला मी ओळखत नाही, त्याआधी त्याच ॲपमध्ये मी अमुक तारखांना १५,००० टाकले त्याचे युटीआर सोबत आहेत, खात्यातले १,४२,००० हे केळीचे आहेत त्याची व्यापाऱ्याची पावती आणि सातबारा सोबत आहे, तरी होल्ड फक्त ८,४०० पुरता ठेवून बाकी खातं सुरू करावं आणि तपासाला मी लागेल ती माहिती द्यायला तयार आहे.

सोबत आधार-पॅनची कॉपी, सहा महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात तो व्यवहार मार्क केलेला असेल, आणि ॲपचे स्क्रीनशॉट.

इथं लोक गडबड करतात ती अशी की लाज वाटते म्हणून "मित्राने उसने दिले" असं लिहून टाकतात. असं कधीच करू नका. पोलिसांकडे त्या भाड्याच्या खात्याचं पूर्ण स्टेटमेंट असतं, त्यात तुमच्यासारखेच शेकडो पेमेंट दिसतात, आणि तुम्ही खोटं लिहिलं की साध्या लेअर तीनवाल्यापासून तुम्ही संशयित होता. गेम खेळल्याचं लिहायला भीती वाटत असेल तर २०२५ च्या त्या कायद्यात शिक्षा गेम चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तरी राज्याचा जुगाराचा जुना कायदा वेगळा आहे, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर पाठवायच्या आधी तो कागद एकदा वकिलाला दाखवाच.

अधिकारी समाधानी झाला तर तो बँकेला पत्र किंवा मेल पाठवतो की होल्ड काढा किंवा एवढ्यापुरताच ठेवा. कधीकधी वादातली रक्कम फसलेल्या माणसाला परत द्यायला तुमची संमती मागतात. द्यायची की नाही हे तुमच्या केसवर आहे, पण द्यायची ठरली तर बँकेमार्फत आणि लेखी, अधिकाऱ्याच्या किंवा "तक्रारदाराच्या भावाच्या" यूपीआयवर अजिबात नाही.

पोलिसांची नोटीस आली तर

नोटीस कोणत्या कलमाची आहे ते आधी बघा, कारण त्यावर सगळं ठरतं. नवीन कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यातल्या कलम ९४ ची नोटीस म्हणजे कागदपत्रं द्या, कलम १७९ ची म्हणजे साक्षीदार म्हणून या, आणि कलम ३५(३) ची म्हणजे तुमच्यावर संशय आहे, हजर राहा. १७९ ची नोटीस पोलिसाला स्वतःच्या किंवा लगतच्या पोलीस स्टेशनच्या हद्दीतल्या माणसालाच काढता येते, आणि बायांना व साठच्या वरच्या माणसाला त्यासाठी घर सोडून कुठं जायला लावता येत नाही. ३५(३) ची मात्र हलक्यात घ्यायची नाही, तारखेला हजर राहायचं, वकील करून जायचं. तुम्ही नोटीस पाळत राहिलात तर त्या गुन्ह्यात अटक करायला पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं, आणि तुम्ही गेलाच नाहीत तर तेच अटकेचं कारण होतं.

सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावून चालणार नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली की लगेच घाबरून त्या नंबरला फोन लावू नका. त्या पोलीस स्टेशनचा नंबर राज्याच्या पोलीस वेबसाइटवरून काढा, तिथं नोटीसवरचा गुन्हा नंबर सांगून खात्री करा. जमत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस स्टेशनला कागद दाखवा.

खातं होल्ड झालेल्या माणसांना लगेच दुसरे चोर गाठतात. "मी तुमच्या केसचा तपास अधिकारी बोलतोय, वीस हजार टाका, संध्याकाळपर्यंत खातं चालू", नाहीतर व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, म्हणे डिजिटल अरेस्ट. असली अटक कायद्यात नाहीच. तसेच टेलिग्रामवर "अनफ्रीझ करून देतो" म्हणणारे एजंट, त्यांनाही पैसे आणि ओटीपी द्यायचे नाहीत.

उत्तरच आलं नाही तर

दोन-तीन आठवडे वाट बघून परत मेल, मग त्या राज्याच्या सायबर नोडल आणि ग्रीव्हन्स अधिकाऱ्याला, त्यांची यादी cybercrime.gov.in वर असते. त्यानेही हललं नाही तर कोर्ट. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं थांबवलं असेल तर त्यांना ते मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं, आणि तुम्ही त्याच मॅजिस्ट्रेटकडे कलम ५०३ खाली खातं सोडवायचा अर्ज करू शकता. अडचण एवढीच की कोर्ट तिकडच्या राज्यात, म्हणजे तिथला वकील, जाणं-येणं, आणि ८,४०० साठी ते परवडत नाही, पण १,४२,००० अडकलेत म्हटल्यावर परवडतं. दुसरा रस्ता हायकोर्टाचा, जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी आपलं औरंगाबाद खंडपीठ. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये अशाच केसेसमध्ये सांगितलंय की वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा, अख्खं खातं अडवू नका. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण वकिलाला दाखवायला उपयोगी आहे.

आणि एक, गेममध्ये हरलेले पैसे परत मिळवायला १९३० वर "माझी फसवणूक झाली" अशी तक्रार टाकायचा सल्ला एजंटच देतात. फेक ट्रेडिंगमध्ये खरंच फसला असाल तर तक्रार जरूर करा, जितकी लवकर तितकी चांगली. पण हरलेल्या पैशासाठी खोटी तक्रार केली तर तुमच्यासारख्याच चार जणांची खाती होल्ड होतात आणि खोटी तक्रार दिल्याची केस तुमच्यावर येते.

खातं सुरू झालं की काम संपलं असं समजू नका. बँकेकडून लेखी घ्या की अमुक ॲक्नॉलेजमेंट नंबरचा होल्ड निघाला, अधिकाऱ्याच्या पत्राची कॉपी त्याच्याबरोबर फाईलला लावा, आणि सगळे स्क्रीनशॉट-युटीआर दोन-तीन वर्ष जपून ठेवा. त्या भाड्याच्या खात्यावर दुसऱ्या कुणाचीही तक्रार नंतर चढू शकते आणि नवीन नंबरने परत होल्ड येऊ शकतो, तेव्हा हीच फाईल उचलून पहिल्या दिवशी पाठवता येते.